मॉनिटरच्या मेन्यूतले तीन कप्पे

दुपारी खिडकीजवळ बसून हिशेब केले तेव्हा बरा वाटणारा मॉनिटर रात्री दिवे मालवून सिनेमा लावला की डोळ्यांत घुसतो. मग खालच्या कडेची बटणं चाचपत ब्राइटनेस कमी करायचा आणि सकाळी पुन्हा वाढवायचा. ही रोजची उठाठेव वाचवणारी सोय मेन्यूतच असते. Standard, FPS, Movie असे तयार साचे असतात आणि शेजारी User 1 किंवा Gamer 1 अशा नावांचे, आपण भरायचे कप्पे.

या कप्प्यांतले आकडे संगणकात नसतात. येणारं चित्र पडद्याच्या मापात बसवणारी स्केलर नावाची चिप मॉनिटरमध्ये असते. मेन्यू तीच चालवते आणि वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत आकडे लिहून ठेवते. म्हणूनच लॅपटॉप बदलला तरी कप्पे जागेवर सापडतात.

पण कप्प्यात सगळंच साठत नाही, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. काही मॉनिटरांत ब्राइटनेस सगळ्या कप्प्यांना मिळून एकच असतो. काहींत HDMI आणि DisplayPort यांची नोंद वेगवेगळी राहते. माहितीपुस्तिकेत हे सहसा स्पष्ट लिहिलेलं नसतं, म्हणून मी नवा मॉनिटर आला की आधी एक चाचणी करतो. पहिल्या कप्प्यात ब्राइटनेस 11, दुसऱ्यात 22, तिसऱ्यात 33 ठेवायचा आणि पहिल्यावर परत यायचं. तिथे 11 दिसला तर तो कप्प्याचा स्वतःचा आहे, 33 दिसला तर सामायिक. कॉन्ट्रास्ट, रंगाची छटा आणि पिक्सेलचा रंगबदल वेगवान करणारी ओव्हरड्राइव्ह ही सोय यांचीही अशीच परीक्षा घ्यावी.

माझ्या 27 इंची, 144 हर्ट्‌झच्या मॉनिटरवर कामाचा कप्पा मी कागदाच्या मदतीने लावला. नेहमीच्या उजेडात पडद्याशेजारी कोरा कागद धरला, पडद्यावर रिकामं पांढरं पान उघडलं आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत नेला. आकडा 34 वर थांबला. कारखान्यातून तो 80 वर आला होता, म्हणजे दिवसभर मी कागद वाचत नव्हतो, दिव्याकडे बघत होतो.

सिनेमाचा कप्पा अंधारासाठी असतो. साध्या, म्हणजे HDR नसलेल्या चित्रपटांचे रंग अंधाऱ्या खोलीत, पांढरा सुमारे 100 निट इतका उजळ ठेवून आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती गडद दिसतील हे ठरवणारा आकडा, 2.4 धरून जुळवले जातात. त्यामुळे मेन्यूत 2.4 असेल तर तो घ्यावा आणि रंगाची छटा 6500 केल्विनच्या आसपास ठेवावी. तयार Movie साचा मी वापरत नाही. त्यात बऱ्याचदा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असतो आणि तो चित्र बघून मागचा दिवा कमीजास्त करत राहतो. काळ्यावर पांढरी श्रेयनामावली येते तेव्हा पडदा हळूच उजळताना किंवा मंदावताना दिसला, तर हाच त्याचा उद्योग.

गेमच्या कप्प्यात दोन गोष्टी खास लागतात. पहिली Black Stabilizer किंवा तत्सम नावाची सोय. ती फक्त गडद छटा वर उचलते, त्यामुळे कोपऱ्यात दबा धरलेला शत्रू दिसतो. तीच सिनेमात राहिली तर रात्रीचं आकाश राखाडी होतं. दुसरी ओव्हरड्राइव्ह. पिक्सेलने लवकर रंग बदलावा म्हणून त्याला जादा रेटा दिला जातो. तो अति झाला की पिक्सेल ठरल्या छटेच्या पुढे जाऊन मागे येतो आणि हलत्या वस्तूमागे उजळ सावली उमटते. राखाडी पार्श्वभूमीवर काळी खिडकी माउसने जोरात ओढून पाहा, लगेच कळेल. 144 हर्ट्‌झला शोभणारा रेटा 60 हर्ट्‌झला बहुधा जास्त होतो, म्हणून ओव्हरड्राइव्ह सामायिक असेल तर मधली पायरी बरी.

ब्राइटनेस सामायिक निघाला तरी वाट आहे. मेन्यूत DDC/CI चालू केलं की संगणक केबलमधूनच मॉनिटरला आकडा सांगू शकतो. लिनक्सवर ddcutil हा प्रोग्रॅम टाकल्यावर कामासाठी एवढं पुरतं:

```
ddcutil setvcp 10 34
```

यात 10 हा ब्राइटनेसचा ठरलेला संकेतांक आणि 34 आपला आकडा. सिनेमा आणि गेमसाठी अशीच एकेक ओळ करून शॉर्टकटला जोडता येते.

HDR चालू झालं की मात्र बरेच मॉनिटर वेगळ्याच साच्यात जातात आणि मेन्यूतल्या कित्येक ओळी करड्या पडतात. ते बंद केल्यावर आपला कप्पाच परत आला ना, हे नावावरून तपासून घ्यावं. आणि Factory Reset दाबण्यापूर्वी मेन्यूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण त्या एका बटणाने भरलेले सगळे कप्पे कोरे होऊ शकतात.