चलान भरलं म्हणजे टीडीएसचं काम संपत नाही

"चलान सात तारखेच्या आत भरलंय, मग तिमाही रिटर्न जरा उशिरा गेलं तर काय बिघडतं?"

बिघडतं. चलानाने पैसे सरकारजमा होतात, पण ते कोणाच्या पॅनवर धरायचे हे पगारावरच्या टीडीएसच्या तिमाही रिटर्नचा फॉर्म २४क्यू सांगतो. तो जाईपर्यंत कामगाराच्या करजमेच्या विवरणात, म्हणजे २६एएसमध्ये, कपात दिसत नाही, आणि मला हेच जास्त खुपतं.

समजा, अंबडमधल्या छोट्या वर्कशॉपची जुलै-सप्टेंबर २०२४ ची कपात ९,००० रुपये. चलानं वेळेत, पण ३१ ऑक्टोबरचं रिटर्न गेलं २० डिसेंबरला. उशीर ५० दिवस, रोज २०० प्रमाणे १०,००० होतात. मात्र कलम २३४ई नुसार शुल्क कपातीच्या रकमेपुढे जात नाही, म्हणून ९,००० रुपये. हे शुल्क रिटर्नआधी वेगळ्या चलानाने भरायचं.