चाललेली पावलं समृद्धी महामार्गावर कशी मोजली जातात?
(आमच्या ‘स्टेप चॅलेंज’मध्ये भाग घेणाऱ्या कार्यालयांसाठी माहितीपत्रक)

तुमच्या कार्यालयातली माणसं रोज चालणार आणि नकाशावरचा झेंडा नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून आमण्याकडे सरकत जाणार, एवढं तुम्हाला आमच्याशी बोलताना कळलंच असेल. पण चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, “मी आणि ती एकत्रच चाललो, मग तिचे किलोमीटर जास्त कसे?” उत्तर आधीच माहीत असलेलं बरं, म्हणून हा कागद.

मार्ग समृद्धीचाच का

नागपूर ते मुंबईजवळचं आमणे हा ७०१ किलोमीटरचा मार्ग. त्यातला शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये. या रस्त्यावर पायी चालायला मनाई आहे, दुचाकीलाही. त्यामुळे तो पायांनी पार करायचा तर नकाशावरच. दुसरं कारण हिशेबाचं आहे. आठ जणांची टीम, दर माणशी रोज ६,००० पावलं आणि सरासरी पाऊल ७० सेंटीमीटरचं धरलं, तर एका माणसाचे ४.२ किलोमीटर आणि टीमचे ३३.६ किलोमीटर होतात. या चालीने ७०१ किलोमीटर २१व्या दिवशी पूर्ण होतात. तीन आठवडे ही मुदत आम्हाला योग्य वाटते, त्याहून लांबलं की लोकांचा उत्साह ओसरतो. एकट्याला मात्र हा मार्ग देत नाही. महिनाभर रोज ६,००० पावलं चालूनही त्याचे १२६ किलोमीटर होतात, म्हणजे शिर्डी दूरच राहते.

पाऊल किती लांब, हाच खरा प्रश्न

मोबाईल पावलं मोजतो, नकाशाला मात्र किलोमीटर लागतात. या दोहोंना जोडणारा एकच आकडा आहे: तुमच्या एका पावलाची लांबी. बरेच लोक ‘२,००० पावलं म्हणजे एक मैल’ असं सरसकट धरतात. त्यात पाऊल ८० सेंटीमीटरचं ठरतं आणि आपल्याकडच्या बहुतेकांसाठी ते फार मोठं आहे.

एका कारखान्यातलं उदाहरण घ्या. स्टोअरमधल्या ताईंची उंची ५ फूट १ इंच. ४०० मीटरच्या मैदानी ट्रॅकची एक फेरी त्यांनी ६४० पावलांत पूर्ण केली, म्हणजे पाऊल ६२.५ सेंटीमीटरचं. डिस्पॅचमधले दादा ५ फूट ९ इंच, त्यांना ५४० पावलं लागली, पाऊल ७४ सेंटीमीटरचं. दोघांनीही ८,००० पावलं टाकली तर ताईंचे ५ किलोमीटर होतात आणि दादांचे साधारण ५.९. सरसकट ८० सेंटीमीटर धरलं असतं, तर ताईंच्या खात्यात ६.४ किलोमीटर पडले असते. रोजचे १.४ किलोमीटर फुकटचे, तीस दिवसांत ४२.

पहिल्या वर्षी आम्ही स्वतःच असा सरसकट आकडा वापरला होता. वर हिशेब केलेली आठ जणांची टीम त्या आकड्याने १९व्या दिवशीच आमण्याला पोहोचते. ती आमची चूक होती, आणि तेव्हापासून प्रत्येकाचं पाऊल मोजल्याशिवाय आम्ही सुरुवात करत नाही.

मोजणी सोपी आहे. ट्रॅकच्या सर्वांत आतल्या लेनमध्ये रोजच्या चालीने एक फेरी मारा आणि पावलं स्वतः मोजा, मोबाईलवर सोपवू नका. ४०० ला त्या संख्येने भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते. मोजायचं म्हणून लांब ढांगा टाकू नका, आकडा फुगतो. ट्रॅकपर्यंत जाणं जमत नसेल तर उंचीला ०.४१ ने गुणा. ताईंच्या १५५ सेंटीमीटर उंचीला त्यातून जवळजवळ ६४ सेंटीमीटर येतात, मोजलेल्या आकड्याच्या बरेच जवळ.

एक गोष्ट सांभाळा. काही घड्याळांत ‘स्ट्राइड’ असा रकाना असतो. कुठे त्याचा अर्थ एक पाऊल असतो, तर कुठे डावं-उजवं मिळून दोन. तिथे चुकून दुप्पट लांबी गेली तर अंतरही दुप्पट होतं. ओळखायची खूण अशी: साध्या चालण्याचा वेग घड्याळ तासाला दहा किलोमीटर दाखवू लागलं, तर गडबड तिथेच आहे.

आव्हान सुरू झाल्यावर पावलाची लांबी आम्ही बदलत नाही. मधेच ती कमी केली तर मागचं सगळं अंतर घटतं आणि झेंडा मागे येतो. हे कुणालाच रुचत नाही.

झेंडा नकाशावर कुठे लावायचा

मार्गाची रेघ आम्ही शेकडो लहान तुकड्यांनी काढतो आणि प्रत्येक बिंदूपाशी नागपूरपासून तिथपर्यंतचं अंतर लिहून ठेवतो. टीमचं एकूण अंतर ज्या दोन बिंदूंच्या मधे पडतं, तिथे झेंडा लागतो. दोन शहरं सरळ रेघेने जोडली तर काय होतं, ते याच टीमवर पाहा. १५व्या दिवसाअखेर तिचे ५०४ किलोमीटर झालेले असतात. नागपूर–शिर्डी हवाई अंतर साधारण ५०५ किलोमीटर आहे, म्हणजे सरळ रेघेच्या नकाशावर टीम शिर्डीत पोहोचल्यासारखीच दिसेल. रस्त्याने शिर्डी अजून १६ किलोमीटर पुढे आहे. समृद्धी मुळातच बराच सरळ आहे म्हणून फरक एवढ्यावर भागतो, घाटातल्या मार्गावर तो कितीतरी वाढतो.

तुमच्या कार्यालयात एक टीम आठ जणांची आणि दुसरी बारा जणांची असेल, तर टीमच्या एकूण अंतराला तिच्या माणसांच्या संख्येने भागून आठने गुणतो आणि त्या आकड्यावर झेंडा हलवतो.

मोबाईल कुठे चुकतो

सगळ्यात जास्त चूक दुचाकीवर होते. खडबडीत रस्त्यावरचे धक्के खिशातला मोबाईल कधी कधी पावलं म्हणून मोजतो. घरून निघताना आणि कार्यालयात पोहोचल्यावर आकडा पाहा. गाडीवर बसूनच तीनशे-चारशे पावलं वाढली असतील, तर आम्हाला कळवा, तेवढी रोज वजा करू. उलट चूक ट्रॉली ढकलणाऱ्यांची होते. हात दांड्यावर स्थिर राहतो, म्हणून मनगटावरचं घड्याळ पावलं गाळतं. अशांनी मोबाईल पॅंटच्या खिशात ठेवावा. मोबाईल आणि घड्याळ दोन्ही वापरत असाल तर आमच्याकडे एकच जोडा, दोन्ही जोडले तर एकच चाल दोनदा मोजली जाऊ शकते.

एखाद्या दिवशी नेट नसलं तरी घाबरू नका. आकडे मागाहून आले तरी ते ज्या दिवशी चाललात त्याच दिवशी नोंदवले जातात, त्यामुळे झेंडा कधी एकदम पुढे उडी मारतो. शेवटच्या दिवसानंतर उशिराचे आकडे आम्ही ४८ तास स्वीकारतो, निकाल त्यानंतरच. तुम्ही कुठे चाललात ते ठिकाण आम्ही घेत नाही, फक्त दिवसाची पावलं घेतो.

आव्हान आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच घेतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना पावलांची चढाओढ लावणं आम्हाला पटत नाही, कुणी आग्रह केला तरीही.

सुरुवातीच्या आठ दिवस आधी आम्हाला हवं ते एवढंच: प्रत्येकाचं नाव, टीम, ४०० मीटरला लागलेली पावलं (किंवा उंची) आणि मोबाईल की घड्याळ ते. चालायला त्रास असणारे किंवा चाकाच्या खुर्चीवरचे सहकारी असतील तर तसं लिहा. त्यांचं अंतर पावलांवरून न काढता मिनिटांवरून काढतो, आणि एका मिनिटाला किती मीटर धरायचे ते त्यांच्याशी बोलूनच ठरवतो.