अपात्रतेचा निकाल अध्यक्षांच्या हाती कसा गेला?

2022 च्या जूनमध्ये शिवसेनेतल्या एकनाथ शिंदे यांच्या बंडात सामील झालेले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीत होते आणि त्यांचं फोनवरचं बोलणं महाराष्ट्रभर गाजत होतं. 2019 मध्ये ते शिवसेनेच्या तिकिटावर जेमतेम 768 मतांनी निवडून आले होते. याच मतदारसंघातून गणपतराव देशमुख एकाच शेतकरी कामगार पक्षातर्फे 11 वेळा निवडून गेले. त्यामुळे पक्ष सोडला की आमदारकी जाते की नाही, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात पोटतिडकीने विचारला गेला. त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात जितकं आहे, त्याहून जास्त ते द्यायचं कुणी आणि कधी, यात दडलेलं आहे.

पक्षांतरावर तोडगा शोधण्यासाठी 1968 मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आपले यशवंतराव चव्हाण होते. पण कायदा व्हायला 1985 उजाडलं. त्या वर्षी 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडून मतदान केलं, तर सदस्य अपात्र. आणि हे ठरवणार सभागृहाचे अध्यक्ष.

खरी मेख इथेच आहे. लाभाचं पद, दिवाळखोरी अशा इतर कारणांवरून आमदाराच्या अपात्रतेचा प्रश्न आला, तर राज्यपाल निवडणूक आयोगाचं मत घेऊन त्याप्रमाणे निर्णय देतात. पक्षांतरासाठी ही वाट तयार असूनही घेतली नाही. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने तीच सुचवली, तरी बदल झाला नाही.

1992 मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी अध्यक्षांचा अधिकार कायम ठेवला. मात्र ते हा निर्णय न्यायाधिकरण म्हणून देतात, म्हणून तो न्यायालयात तपासता येईल, असंही सांगितलं. अल्पमतातल्या न्यायमूर्तींचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो: ज्याचं पद सभागृहातल्या बहुमतावर टिकतं, त्याला त्याच बहुमताचा न्याय करायला बसवू नये. बहुमताच्या निकालातून आणखी एक गोष्ट निघाली. अध्यक्षांनी निर्णय देण्याआधी न्यायालय सहसा मध्ये पडणार नाही. आणि निर्णय किती दिवसांत द्यायचा, हे अनुसूचीत कुठेच लिहिलेलं नाही.

2022 मध्ये या दोन्ही गोष्टींचा अनुभव आला. नाना पटोले यांनी 2021 मध्ये राजीनामा दिल्यापासून अध्यक्षपद रिकामं होतं. म्हणून उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी 25 जूनला एकनाथ शिंदे यांच्यासह 16 आमदारांना नोटीस काढली आणि 27 तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं. महाराष्ट्राच्या नियमांत उत्तराला 7 दिवस आहेत. शिवाय बंडखोर आमदारांनी त्याआधीच झिरवाळांना पदावरून हटवण्याची नोटीस दिली होती. अशी नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षांनी अपात्रता ठरवू नये, असं 2016 च्या नबाम रेबिया निकालात म्हटलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने उत्तराची मुदत 12 जुलैपर्यंत वाढवली. मधल्या काळात सरकार बदललं आणि 3 जुलैला नव्या बहुमताने राहुल नार्वेकर यांना अध्यक्ष निवडलं. आता अपात्रतेचे अर्ज त्यांच्यापुढे गेले.

पहिल्या 16 जणांत सांगोल्याचं नाव नव्हतं. पुढे दोन्ही गटांनी एकमेकांवर अर्ज केले आणि ते 34 झाले. 11 मे 2023 ला घटनापीठाने सांगितलं की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे. भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरली. नबाम रेबियाचा मुद्दा सात न्यायमूर्तींकडे गेला. अपात्रता मात्र अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत ठरवावी, असा आदेश झाला. तरीही सप्टेंबरपासून न्यायालयाला वेळापत्रकासाठी पुन्हा पुन्हा बजावावं लागलं. शेवटी 10 जानेवारी 2024 ला निकाल आला: शिंदे गट हीच खरी शिवसेना, आणि दोन्ही बाजूंचं कुणीच अपात्र नाही.

‘खरा पक्ष आमचाच’ हा बचाव एवढा महत्त्वाचा का झाला, हे समजायला 2003 कडे पाहावं लागतं. त्याआधी एक तृतीयांश आमदारांनी फूट पडल्याचं दाखवलं की संरक्षण मिळायचं. 91 व्या घटनादुरुस्तीने ते काढलं. उरलं विलीनीकरण, तेही दोन तृतीयांश सदस्य असतील तर. विलीन न होता वाचायचं, तर आपण पक्ष सोडलेलाच नाही असं म्हणणं भाग होतं. नार्वेकरांनी 2018 ची पक्षघटना आयोगाच्या नोंदीत नाही म्हणून 1999 ची धरली आणि खरा पक्ष ठरवताना विधिमंडळातल्या बहुमताला वजन दिलं.

या निकालाविरुद्ध ठाकरे गट सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे निर्णय होण्याआधीच नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि सांगोल्याने शेकापचे बाबासाहेब देशमुख यांना निवडून दिलं.

मणिपूरच्या खटल्यात न्यायालयाने जानेवारी 2020 मध्येच साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली होती आणि अध्यक्षांऐवजी कायमस्वरूपी न्यायाधिकरण नेमण्याचा विचार संसदेने करावा, असं सुचवलं होतं. 31 जुलै 2025 ला तेलंगणातल्या 10 आमदारांच्या प्रकरणात तिथल्या अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय देण्याचा आदेश झाला, आणि अध्यक्षांकडे हे काम ठेवावं का याचा फेरविचार संसदेने करावा, असं न्यायालयाने पुन्हा एकदा म्हटलं.