चौदा ओळी झाल्या, पण कलाटणी कुठे आहे?

प्रेमकविता चौदा ओळींत बसवली, शेवटी दोन ओळींचं यमक जुळवलं आणि वर ‘सुनीत’ असं लिहिलं, अशा कविता मला दर आठवड्याला कुणी ना कुणी वाचायला पाठवतं. ओळी मोजलेल्या असतात, वृत्तही बरेचदा सांभाळलेलं असतं. नसतो तो विचाराला बसलेला वळसा. त्यात शेक्सपिअरी आणि पेत्रार्की या दोन घाटांची सरमिसळ झालेली असते.

शेक्सपिअरी घाट कॉलेजात शिकलेला असतो, म्हणून तो थोडक्यात सांगते: चार-चार ओळींची तीन कडवी, मग एक द्विपदी. पेत्रार्की सुनीतात आधी आठ ओळींचं अष्टक, मग सहा ओळींचं षटक. यमकांची मांडणी वेगवेगळी आहे, ती कुठल्याही पुस्तकात सापडेल. वृत्ताचंही तेच. केशवसुतांपासून आपल्याकडे सुनीतासाठी शार्दूलविक्रीडिताचा दबदबा आहे, पण एकोणीस अक्षरांची ओळ पेलत नसेल तर साधं मात्रावृत्त घ्या, काही बिघडत नाही.

लोक अडखळतात ते कलाटणीनंतर किती जागा उरते या मुद्द्यावर. पेत्रार्की घाटात कलाटणी सहसा नवव्या ओळीशी येते, म्हणजे नव्या विचाराला राहायला सहा ओळी मिळतात. शेक्सपिअरी घाटात ती तेराव्या ओळीवर ठेवली तर दोनच ओळी हातात असतात. सहा ओळींत माणूस त्या नव्या विचारात वावरू शकतो, दोन ओळींत फक्त दार उघडून आत डोकावता येतं.

एक प्रसंग घेऊ. बायको रोज उशिरा घरी येते आणि नवरा वैतागलाय. शेक्सपिअरी घाटात पहिलं कडवं गार झालेल्या वरणभाताचं, दुसरं न उचललेल्या फोनचं, तिसरं सुट्टीच्या दिवशीही उघडलेल्या लॅपटॉपचं. तक्रार कडव्यागणिक चढत गेली पाहिजे. एकच रडगाणं तीनदा गायलं तर वाचक आठव्या ओळीलाच उठून जातो. मग द्विपदी:

तरी तुझी ती चप्पल दारी
दिसता मिटते चिडचिड सारी

संपलं. यापुढे एक ओळही नको.

हाच प्रसंग पेत्रार्की घाटात लिहायचा तर तक्रार आठ ओळींत आटोपायची. नवव्या ओळीत नवऱ्याच्या लक्षात येतं की लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून ती कुठल्या मजल्यावर थांबली हे आपल्याला कळायला लागलंय. आता पुढच्या पाच ओळी या ऐकण्याच्या: तिसऱ्यावर थांबली, आपला पाचवा, पुन्हा निघाली, हात आपोआप गॅसकडे गेला, वरण पुन्हा तापत ठेवलं. आधी जे ताटकळणं होतं, तेच आता प्रेम करणं झालं. इथे चप्पलेची गंमत सहा ओळी ताणली असती, तर आमटीत पाणी घातल्यासारखं झालं असतं. म्हणून घाट आधी ठरवू नका. कलाटणीत दोन ओळींचा ऐवज आहे की सहा ओळींचा, ते आधी बघा.

शेक्सपिअर स्वतः मात्र या हिशेबात नेहमी बसत नाही. त्याच्या 130व्या सुनीतात बारा ओळी प्रेयसीच्या रूपाची टिंगल चालते आणि तेराव्या ओळीत ‘तरीही’ येतं. पण 18व्यात कलाटणी नवव्याच ओळीवर आहे. उन्हाळ्याच्या उणिवा मोजून झाल्यावर ‘पण तुझा उन्हाळा ओसरणार नाही’ असं तो म्हणतो, आणि द्विपदी त्यावर फक्त शिक्का मारते. म्हणजे यमकाचा साचा एक आणि विचाराचं वळण दुसरं. ‘शेवटी द्विपदी आहे, म्हणजे कलाटणी झाली’ हे गृहीतक सोडा.

कलाटणी खरी आहे का, हे तपासायला मी दोन गोष्टी करते. ‘पण’ खोडून तिथे ‘आणि’ घालते. कविता तशीच सुरळीत वाचली गेली, तर तो ‘पण’ नुसताच टांगलेला होता. दुसरं, शेवटच्या दोन ओळी झाकून कविता कुणाला तरी वाचायला देते. झाकलेलं त्याला ओळखता आलं, तर मी द्विपदी न लिहिता तात्पर्य लिहिलंय. ‘असे हे आपुले प्रेम अमर’ छापाच्या शेवटांची मला चीड आहे ती याचसाठी.

उलट बाजूची चूकही होते. आठ ओळी तिच्या उशिरा येण्याच्या आणि नवव्या ओळीपासून एकदम कोकणातला पाऊस. याला कलाटणी म्हणत नाहीत, विषय बदलला म्हणतात. नवव्या ओळीनंतरही लिफ्ट तीच हवी आणि वरणही तेच. बदलायला हवं ते त्यांच्याकडे बघणाऱ्या नवऱ्याचं मन.