कचरा वर्गीकरण : मिश्र व संदिग्ध वस्तू

घरगुती कचरा ओला, सुका आणि घातक अशा तीन भागांत द्यावा, असे घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ठरवून दिले होते. भाजीची देठे किंवा वर्तमानपत्र यांबाबत कोणाला शंका पडत नाही. अडचण येते ती दोन-तीन पदार्थांच्या मिळून बनलेल्या किंवा खरकटे लागलेल्या वस्तूंची. नाशिकमध्ये घंटागाडीने गोळा झालेला ओला कचरा पाथर्डी शिवारातील खत प्रकल्पात जातो. त्यामुळे अशा वस्तूबाबत पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ती खताच्या ढिगात पूर्ण कुजेल का, आणि कुजणार नसेल तर तिचे भाग हाताने सुटे होतील का.

निर्माल्य हे याचे नाशिककरांच्या नित्य परिचयाचे उदाहरण आहे. झेंडूच्या हाराची फुले व पाने ओल्या कचऱ्यात जातात आणि सुती दोराही कालांतराने कुजतो. मात्र हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला असेल, तर तो दोरा खत उलटवणाऱ्या यंत्राला गुंडाळला जातो. हार एका टोकाला कापून दोरा ओढून घेतला, की फुले आपोआप मोकळी होतात. जरीचे गोंडे, चमकीच्या पट्ट्या आणि पूजासाहित्याची पिशवी सुक्या कचऱ्यात टाकावी. चमकीचे तुकडे खतात राहिले तर ते चाळणीतूनही खाली उतरतात आणि शेतापर्यंत पोहोचतात, म्हणून ते घरीच काढणे आवश्यक ठरते.

कागदी दिसणाऱ्या वस्तू अधिक फसव्या असतात. चहाच्या कागदी कपाला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. कप पाण्यात भिजवून फाडला की हा पापुद्रा वेगळा दिसतो. असा कप विसळून सुक्या कचऱ्यात द्यावा. याउलट तर्रीने माखलेला साधा कागद ओल्या कचऱ्यात टाकणे योग्य, कारण तेलकट कागदाचा लगदा नीट होत नाही आणि त्याच्या संगतीने चांगली रद्दीही खराब होते. चिवड्याचे चकचकीत पाकीट मुठीत चुरगाळून सोडल्यावर पुन्हा उलगडत असेल, तर ते धातूचा मुलामा दिलेले प्लॅस्टिक होय, आणि चुरगाळलेलेच राहिले तर बहुधा ॲल्युमिनियमची फॉइल. दोन्ही सुक्यातच जातात, परंतु पाकिटाचे थर सुटे करणे कठीण असल्याने त्याचा पुनर्वापर क्वचित होतो आणि बऱ्याचदा ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाते.

दुधाची पिशवी विसळून, वाळवून द्यावी. तिचा कोपरा पूर्ण कापून न टाकता पिशवीला लागूनच ठेवावा, कारण सुटा पडलेला इवलासा तुकडा वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही. २०१६ च्या नियमांनुसार सॅनिटरी पॅड व डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात द्यायचे असत. ते उघडे टाकल्यास वर्गीकरण करणाऱ्या कामगाराला संसर्गाचा धोका राहतो. फुटलेली ट्यूबलाइट काच असली तरी तिच्यात पारा असतो, म्हणून ती काचेत न मिसळता घातक कचऱ्यात वेगळी द्यावी.