बॅटची पारख (छायाचित्रावरून)

क्रिकेटच्या बॅटचे फोटो पाहून ती सांगितल्याप्रमाणे त्याच लाकडाची आणि त्याच कंपनीची आहे का, हे ओळखण्याची रीत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेळाडूला दुसऱ्या गावची बॅट हातात न घेताच पसंत करायची असली की हीच रीत उपयोगी पडते.

सर्वांत भरवशाचा पुरावा लाकडाच्या रेषांचा, म्हणजे ग्रेनचा. विलोच्या झाडाची दरवर्षी एक रेषा पडते. बॅटसाठी ओंडका बुंध्याच्या मध्यापासून सालीकडे फाडतात, त्यामुळे पात्यावरची प्रत्येक उभी रेषा लाकडाच्या आरपार गेलेली असते. म्हणून पात्याच्या समोरच्या फोटोपेक्षा खालच्या टोकाचा, टो चा, फोटो आधी मागवावा. समोरची रेषा टोकाशी येऊन तिथून मागच्या बाजूकडे गेलेली दिसली पाहिजे. छापलेली किंवा रंगवलेली रेषा कडेलाच संपते. शिवाय खऱ्या रेषांमधलं अंतर कमी-जास्त असतं. सगळ्या रेषा एकाच रंगाच्या आणि मोजून आखल्यासारख्या असतील तर संशय घ्यावा. टोकाला रबर चिकटवलेलं असेल, तर मात्र हा पुरावा झाकला जातो.

उदाहरणार्थ, भुसावळहून ‘नवी, इंग्लिश विलो’ म्हणून एका बॅटचे फोटो आले. समोर आठ सरळ रेषा दिसतात आणि टोकालाही त्या आठही सापडतात. म्हणजे रेषा खऱ्या आहेत. पण स्टिकरच्या कडेबाहेर लाकडाची फिकट पट्टी दिसते. उघडं लाकूड ऊन, हवा आणि जवसाच्या तेलाने पिवळट होतं, स्टिकरखालचं पांढरं राहतं. तेव्हा इथे आधी वेगळ्या आकाराचं स्टिकर होतं. मग ग्रिप खाली सरकवून मुठीचा फोटो मागवला. वेताच्या मुठीवरचा दोरा कारखान्यात घट्ट, एकसारख्या फेऱ्यांनी गुंडाळलेला असतो. इथे खांद्याजवळच्या फेऱ्या कोऱ्या पांढऱ्या, त्यांवर गोंदाचे थेंब, आणि मूठ पात्यात बसते त्या ‘व्ही’ आकाराच्या जोडाची रेघ जाड. निष्कर्ष असा की रेषा खऱ्या, पण बॅट वापरलेली, मूठ दुरुस्त केलेली आणि नाव बदललेलं. अशी बॅट खेळायला वाईट नसते, पण नव्याचा भाव तिला देऊ नये.

कारखान्याचा दाबून उमटवलेला शिक्का तिरप्या उजेडात खोलगट दिसतो, छापील शिक्का सपाट. पण शिक्का कोणीही बनवून घेऊ शकतो, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर किंवा क्रमांकावर विसंबणं मला चुकीचं वाटतं.

टोकाजवळचे बारीक तडे नकलीपणाची खूण मानू नयेत. खानदेशातल्या कोरड्या उन्हाळ्यात तेल न दिलेली अस्सल बॅटही तडकते.