विक्री इन्सेन्टिव्हचा दावा : पात्रता, कागदपत्रे आणि लेखापरीक्षणाची पद्धत

विक्री विभागातील कर्मचाऱ्याला तिमाहीअखेर मिळणारा इन्सेन्टिव्ह हा पगारपत्रकात एका ओळीत दिसतो; पण ती ओळ बरोबर आहे की नाही हे पगारपत्रक पाहून कळत नाही. त्यासाठी रकमेपासून मागे जात आधी योजनेच्या परिपत्रकाशी, मग उद्दिष्टाच्या पत्राशी आणि शेवटी बँकेत प्रत्यक्ष जमा झालेल्या पैशाशी ताळा जुळवावा लागतो. एअर कॉम्प्रेसर विकणाऱ्या आणि त्यांच्या वार्षिक देखभालीचे करार घेणाऱ्या, भोसरी-चाकण पट्ट्यातील एका मध्यम कंपनीचे उदाहरण पुढे घेतले आहे. उदाहरण आणि त्यातील आकडे कल्पित आहेत. मात्र त्यात दाखवलेल्या चुका अशा तपासणीत नेहमी आढळणाऱ्या आहेत.

पात्रता

या कंपनीची योजना वसुलीवर आधारित आहे. नुसते बिल फाडून इन्सेन्टिव्ह मिळत नाही. त्या बिलाचे पैसे तिमाहीच्या आत बँकेत वटलेले असावे लागतात. वसुली जीएसटी वगळून मोजली जाते. उद्दिष्टाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी वसुली झाल्यास काहीही मिळत नाही. ८० टक्के किंवा त्याहून अधिक वसुली झाली की उद्दिष्टापर्यंतच्या वसुलीवर १ टक्का आणि उद्दिष्टाच्या वर गेलेल्या भागावर, म्हणजे फक्त त्या वाढीव भागावर, २ टक्के असा दर आहे. दावा करणारा कर्मचारी कंपनीच्या पटावर असला पाहिजे, आणि तो तिमाहीच्या मध्यात रुजू झाला असेल तर त्याचे उद्दिष्ट दिवसांच्या प्रमाणात कमी करून धरले पाहिजे. राजीनामा देऊन नोटीस कालावधीत असलेल्या कर्मचाऱ्याबाबत परिपत्रकात स्पष्ट वाक्य असणे आवश्यक आहे. ते नसेल तर तपासनीसाने स्वतःचा अर्थ लावू नये. मनुष्यबळ विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा.

कर्मचाऱ्याचा इन्सेन्टिव्ह आणि बाहेरच्या एजंटचे कमिशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला पगाराचा भाग म्हणून करपात्र असतो. दुसऱ्यावर १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम १९४एच नुसार वेगळी करकपात होत आली असून, तिचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. एकाच विक्रीवर कर्मचाऱ्याचा दावा आणि एजंटचे बिल असे दोन्ही आले असतील, तर दोघांचे श्रेय एकत्र धरण्याची परवानगी योजनेत आहे का, हे आधी पाहावे.

दाव्यासोबत लागणारी कागदपत्रे

दाव्याच्या अर्जासोबत कर्मचाऱ्याने आपल्या वसुलीची यादी जोडायची असते, आणि त्या यादीतील प्रत्येक ओळीला बिल क्रमांक, ग्राहकाची खरेदी ऑर्डर आणि बँकेतील यूटीआर किंवा धनादेश क्रमांक असावा लागतो. विक्री व्यवस्थापकाची सही ही वसुली त्या कर्मचाऱ्याच्या विभागातील आहे एवढेच सांगते. पैसे आल्याची खात्री लेखा विभागाने द्यायची असते. तपासनीसाला याशिवाय चार गोष्टी लागतात : त्या तिमाहीत लागू असलेले सहीचे परिपत्रक, कर्मचाऱ्याला दिलेले उद्दिष्टपत्र, ग्राहकांची खातेवही आणि बँकेचे स्टेटमेंट. हे स्टेटमेंट विक्री विभागाने पुढे पाठवलेली फाईल नसावे, तर लेखा विभागाने बँकेच्या पोर्टलवरून उतरवून घेतलेले असावे.

उद्दिष्टपत्राची तारीख नीट पाहावी. तिमाही सुरू झाल्यावर उद्दिष्ट कमी केले गेले असेल, तर कमी करण्याचे कारण, मंजुरी देणारा अधिकारी आणि मंजुरीची तारीख या तिन्ही गोष्टी फाईलमध्ये असल्या पाहिजेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, वसुली किती होणार हे दिसू लागल्यावर, ती वसुली ८० टक्क्यांचा उंबरठा जेमतेम ओलांडेल असे उद्दिष्ट बदललेले आढळले, तर रक्कम लहान असली तरी ती बाब अहवालात स्वतंत्र नोंदवावी.

पडताळणी कशी होते

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीतील एका विक्री अभियंत्याचा दावा पाहू. उद्दिष्ट ५० लाख रुपये होते, दाव्यात वसुली ६२ लाख दाखवली होती, आणि मंजूर रक्कम १,२४,००० रुपये होती.

वसुली तपासण्याआधी सूत्र तपासावे. एक्सेल शीटमध्ये A2 मध्ये वसुली आणि B2 मध्ये उद्दिष्ट असे होते, आणि सूत्र असे लिहिलेले होते :

```
=IF(A2>B2,A2*2%,IF(A2>=0.8*B2,A2*1%,0))
```

हे सूत्र उद्दिष्ट ओलांडताच संपूर्ण वसुलीवर २ टक्के देते, तर परिपत्रक फक्त वाढीव भागावर देते. योजनेप्रमाणे सूत्र असे हवे :

```
=IF(A2<0.8*B2,0,MIN(A2,B2)*1%+MAX(A2-B2,0)*2%)
```

या दुसऱ्या सूत्राने ६२ लाखांवरही ५० हजार अधिक २४ हजार, म्हणजे ७४,००० रुपयेच निघतात. एकही पावती न उघडता ५० हजारांचा फरक समोर आला. हीच शीट सर्व अभियंत्यांसाठी वापरलेली असल्याने ही चूक एका दाव्यापुरती राहत नाही; उद्दिष्ट ओलांडलेल्या प्रत्येकाचा हिशेब पुन्हा करावा लागतो. अनेक तपासनीस पावत्यांच्या ढिगापासून सुरुवात करतात आणि सूत्राकडे शेवटी वळतात, हा क्रम माझ्या मते उलटा आहे.

त्यानंतर वसुलीची यादी बँकेशी लावली. चाकणच्या एका ग्राहकाकडून आलेले ११,८०,००० रुपये यादीत जसेच्या तसे घेतले होते. त्यात १८ टक्के जीएसटीचे १,८०,००० होते. ते वगळून १० लाखच धरायला हवे होते. बाकीच्या ओळींमध्ये कर वगळलेला होता, म्हणून ही एक ओळ एकूण बेरजेत लपून गेली होती. अशी ओळ शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे यादीतील प्रत्येक रक्कम बिलाच्या करपूर्व रकमेशेजारी मांडणे. जिथे गुणोत्तर १.१८ येते तिथे कर धरला गेलेला असतो.

दुसरी नोंद ३० डिसेंबरच्या धनादेशाची होती, करपूर्व ५ लाखांची. खातेवहीत पावती ३० तारखेची असली तरी बँकेत पैसे २ जानेवारीला वटले. परिपत्रकात वटण्याची तारीख निर्णायक असल्याने ही वसुली पुढच्या तिमाहीत जाते. अभियंत्याचा हक्क बुडत नाही, फक्त सरकतो. ही ओळ पुढच्या दाव्यात एकदाच आली आहे ना, हे मात्र पुढच्या तपासणीत पाहावे लागते, कारण कापलेली आणि सरकवलेली रक्कम दोनदा घेतली जाण्याची शक्यता इथेच सर्वाधिक असते.

तिसरी चूक अभियंत्याच्या विरुद्ध होती. देखभाल करारापोटी ग्राहकाने ४ लाखांच्या करपूर्व रकमेवर २ टक्के, म्हणजे ८,००० रुपये टीडीएस कापून बाकीचे पैसे पाठवले होते आणि शीटमध्ये ते ८,००० वसुलीतून वजा केले होते. ग्राहकाने कापलेला टीडीएस कंपनीच्या नावावर सरकारकडे जमा होतो आणि फॉर्म २६एएस मध्ये दिसतो. तो थकबाकी नसून वसूल झालेलाच पैसा आहे, म्हणून ८,००० परत मिळवले. ग्राहकाने हमी कालावधी संपेपर्यंत रोखून धरलेली रिटेन्शन रक्कम मात्र वेगळी : ती प्रत्यक्ष येईपर्यंत वसुलीत धरता येत नाही.

चौथी बाब क्रेडिट नोटची. ऑगस्टमध्ये विकलेला, सप्टेंबरमध्ये पैसे आलेला आणि इन्सेन्टिव्हही दिलेला एक कॉम्प्रेसर नोव्हेंबरमध्ये परत आला आणि ग्राहकाला करपूर्व ३,२८,००० रुपयांची रक्कम परत केली गेली. योजनेनुसार अशी रक्कम परताव्याच्या तिमाहीतील वसुलीतून वजा होते. इथे एक नाजूक प्रश्न उरतो : मागच्या तिमाहीत त्या रकमेवर १ टक्का मिळाला होता आणि आता ती २ टक्क्यांच्या पट्ट्यातून वजा होत आहे. परिपत्रक जसे आहे तसेच लावावे, पण ही विसंगती अहवालात व्यवस्थापनाच्या नजरेस आणून द्यावी.

६२ लाखांतून १,८०,०००, ५,००,००० आणि ३,२८,००० वजा करून ८,००० मिळवले की पात्र वसुली ५२ लाख राहते. त्यावर ५०,००० अधिक २ लाखांचे २ टक्के म्हणजे ४,०००, असा एकूण ५४,००० रुपयांचा इन्सेन्टिव्ह निघतो. दिलेल्या रकमेपेक्षा हा ७०,००० ने कमी आहे; त्यातले ५० हजार सूत्राच्या चुकीचे आणि २० हजार वसुलीतील फरकाचे.

उलट दिशेची तपासणी

वरची तपासणी दाव्याकडून बँकेकडे जाते आणि दाव्यातली एखादी ओळ खोटी किंवा फुगवलेली असेल तर ती पकडते. मात्र एकच पावती दोन अभियंत्यांनी आपापल्या यादीत लावली असेल तर प्रत्येकाची यादी वेगवेगळी पाहताना ती खरीच दिसते. म्हणून सर्वांच्या दाव्यांतील वसुलीची बेरीज त्या तिमाहीच्या एकूण करपूर्व वसुलीशेजारी ठेवावी. बेरीज जास्त आली की कुठेतरी श्रेय दुहेरी दिले गेले आहे. मग यूटीआर क्रमांकावर यादी लावून क्रमांक कुठे दोनदा येतो ते पाहावे. ग्राहकाने बिल न सांगता पाठवलेले आणि टॅलीत ‘ऑन अकाऊंट’ पडून असलेले पैसे या कामात सर्वाधिक घोळ घालतात, कारण त्यांना बिलाचा आधारच नसतो आणि जो आधी मागेल त्याच्या नावे ते लागतात. असे पैसे बिलाशी जुळेपर्यंत कोणाच्याही दाव्यात घेऊ नयेत.

फरक आढळल्यास

तपासणीचा तक्ता आधी संबंधित कर्मचाऱ्याला दाखवून त्याचे लेखी म्हणणे घ्यावे. पगारातून वसुली करायची असल्यास २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ प्रमाणे एका वेतन कालावधीतील एकूण कपात वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही, त्यामुळे ७० हजारांसारखी रक्कम बहुधा हप्त्यांत किंवा पुढील इन्सेन्टिव्हमधून वळती करावी लागते. त्या वेळी मूळ रकमेवर आधीच कापलेल्या आयकराचा हिशेबही वर्ष संपण्यापूर्वी पगारपत्रकात दुरुस्त करून घ्यावा. कर्मचाऱ्याला एखादी ओळ मान्य नसेल, तर त्याने बिल क्रमांक आणि यूटीआर देऊन फक्त त्या ओळीपुरती फेरतपासणी मागावी. संपूर्ण दावा पुन्हा उघडण्याची गरज नसते.